शंकांची खिडकी

टिंगूची आई एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात कामाला होती. हातमोजे, सलाइनच्या नळ्या, चादरी, जमीन पुसायचं औषध, जे लागेल त्याचे तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, नमुना हातात घेऊन ताणून-चोळून बघायचा, माल किती दिवसांत दारात येईल ते विचारायचं आणि मग ठरवायचं, हे तिचं काम. ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की घरचा पंखा घ्यायचा तरी ती तीन दुकानं हिंडायची. इमारतीत तिला मागून सगळे ‘कोटेशन’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. त्यात थोडी टिंगल असली तरी विश्वासही होता, कारण कुणाला काही मोठं घ्यायचं असलं की पहिला प्रश्न यायचा, कोटेशनला विचारलंत का?

टिंगू तिची एकुलती एक मुलगी. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून टिंगू. नववीत गेली होती. सहावीपासून ती समोरच्या इमारतीत तळमजल्यावर शिकवणीला जायची, रस्ता ओलांडला की आलं. तिथल्या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांनी शाळा सोडली. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत दोन टेबलं जोडून त्या अकरा मुलांना शिकवत आणि आतल्या खोलीत पलंगावर नवरा पडून असे. मुलं त्यांना काका म्हणत. काकांना बोलता यायचं नाही. काही हवं असलं की ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवत. बाई खडू खाली ठेवून आत जात, पाणी पाजून किंवा कूस बदलून परत येत आणि जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच उचलत. मुलांना त्याचं काहीच वाटत नसे.

आयांना वाटायला लागलं. नववीच्या पहिल्या चाचणीत टिंगूला गणितात जेमतेम निम्मे गुण पडले, तेव्हा तिच्या आईलाही वाटलं. शाळेच्या पालकसभेत जो तो क्लासच्या गल्लीबद्दल बोलत होता. नववीपासूनच पाया घालायला हवा, दहावीत जागं होऊन उपयोग नाही, अकरावीला तर दारसुद्धा उघडत नाहीत. चौथ्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली की बाई चांगल्याच आहेत, पण आठवी, नववी, दहावी सगळी एका टेबलावर, छापील चाचण्या नाहीत, आणि निम्मा तास तर चमच्यातच जातो. टिंगूच्या आईला ते बोलणं आवडलं नाही. पण घरी येईपर्यंत तिने ते मनात दोनदा घोळवलं होतं.

मग तिने आपल्या पद्धतीने शोध सुरू केला.

पहिला नंबर लागला दोन साडूंच्या क्लासचा. तो बाजाराच्या मागे होता, चालत पंधरा मिनिटं, फी बेताची. थोरला साडू गोड बोलून गणित घ्यायचा, धाकटा विज्ञान घ्यायचा आणि हिशेबही बघायचा. टिंगूच्या आईने फी विचारली, मग नमुना बघायचा म्हणून जिन्यातल्या खिडकीशी उभी राहिली. चाळीस जणांच्या खोलीत साठ पोरं बसली होती. धाकटा साडू फळ्यावर उत्तर लिहून फोन बघत होता आणि पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती. मागच्या बाकावरचा एक जण तर पुढच्याच्या वहीतून उतरवत होता. ती तशीच खाली उतरली.

दुसरी पाळी क्लासच्या गल्लीची. गल्ली म्हणायची एवढंच, रस्ता चांगला रुंद होता. दोन्ही बाजूंना पाच-पाच मजली इमारती आणि प्रत्येक मजल्यावर एक पाटी. खाली झेरॉक्सची दुकानं, जुनी पुस्तकं, खानावळी, खोल्या भाड्याने देणाऱ्यांचे फलक. भिंतीभर हसऱ्या मुलांचे फोटो आणि त्यांचे गुण. एकाच मुलीचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर होता. टिंगूच्या आईने ते बरोबर टिपलं. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या क्लासात ती शिरली, तेव्हा तिने आधी तेच विचारलं. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली की बाकीचे खोटं लावतात, ती आमचीच.

तिथलं शिकवण्याचं प्रात्यक्षिक मात्र खरंच सुंदर होतं. रविवार दुपार होती. मोठे सर स्वतः आले. पाण्याचा दाब समजावून सांगायला त्यांनी एक प्लास्टिकची बाटली घेतली, तिला खाली-वर तीन भोकं पाडली आणि मुलांना विचारलं, कुठली धार सगळ्यांत लांब पडेल? टिंगूने हात वर केला नाही, पण तिचे ओठ हलले, आणि ते तिच्या आईने बघितलं. खालची धार लांब पडली तेव्हा टिंगू गालातल्या गालात हसली. ते हसू बघून आईचा निम्मा निर्णय तिथेच झाला.

बाहेर आल्यावर तिने विचारायचं ते सगळं विचारलं. एका बॅचला किती मुलं? चाळीस. चाचण्या? दर पंधरा दिवसांनी, छापील, निकाल फोनवर. फलकावरचे एवढे पास झाले ते कितीजणांमधून? त्या आकड्याचं उत्तर काही आलं नाही, एक रंगीत पुस्तिका आली. शिकवायला मोठे सर असतील ना? काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर सगळ्या बॅचेसवर स्वतः लक्ष ठेवतात.”

ऑफिसात एखाद्या पुरवठादाराने असं उत्तर दिलं असतं, तर टिंगूच्या आईने त्याच्या कागदावर तिथेच तांबडी फुली मारली असती. लक्ष ठेवतात म्हणजे शिकवतात का, एवढंच विचारायचं होतं. तिने ते विचारलं नाही.

फी ऐकून टिंगूच्या बाबांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. बोलावणं येईल तेव्हा निघायचं, मग ती दुपार असो की पहाट. बाईंच्या वर्षभराच्या फीमध्ये इथला एक हप्ताही निघत नव्हता. पण क्लासने शिष्यवृत्तीची परीक्षा घेतली आणि टिंगूला चक्क तीस टक्के सूट मिळाली. चौथ्या मजल्यावरच्या मुलालाही तीस टक्के. परीक्षेला बसलेल्या सगळ्यांनाच काही ना काही मिळालं.

“एवढी हुशार पोरं एकाच दिवशी एकाच खोलीत कशी काय जमली?” टिंगूच्या बाबांनी विचारलं.

आई हसली, आणि हसता हसताच पहिला हप्ता भरायचं ठरलं. एकदा भरलेली फी परत मिळणार नाही असं पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं. ते तिने वाचलं होतं. पण सगळीकडे तसंच असतं.

राहिला प्रवास. त्या रविवारी दुपारी त्या एका बसने अर्ध्या तासात पोचल्या होत्या, बसायलाही मिळालं होतं. तिने तोच अर्धा तास धरला.

बाईंना सांगायला ती स्वतः गेली. कुणाच्या हातून निरोप पाठवणं तिला पटत नव्हतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, अडवलंही नाही. आतून चमचा वाजला तशा उठल्या, जाऊन आल्या आणि दारात उभं राहूनच म्हणाल्या, “तिला उशिरा कळतं, पण कळलं की पक्कं कळतं. घाई करू नका म्हणावं, एवढं सांगा त्यांना.”

टिंगूच्या आईने मान हलवली. हे सांगायचं कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पुढे जे झालं ते तिने केलं नव्हतं, आणि केलंही होतं. कोटेशनने पारखून तो क्लास घेतला ही बातमी दोन्ही इमारतींत पसरली. तिला जिन्यात गाठून बायका विचारू लागल्या. ती खरं तेच सांगायची, की महाग आहे, पण शिकवणं चांगलं आहे, मी स्वतः बसून बघितलं. त्यानंतर कुणी काही बघायला गेलं नाही. ज्यांना परवडत होतं ते क्लासच्या गल्लीत गेले, ज्यांना परवडत नव्हतं ते लाजेपोटी साडूंकडे. महिन्याभरात बाईंच्या टेबलाशी तीन मुलं उरली. तीन मुलांच्या फीमध्ये काकांची औषधंही येत नव्हती.

इकडे टिंगूचा दिनक्रम बदलला. शाळा सुटली की घरी येऊन ती उभ्या उभ्या दोन घास खायची आणि बस पकडायची. संध्याकाळच्या गर्दीत ती बस मुंगीच्या पावलाने चालायची, त्या वेळी थेट बस नसल्याने अर्ध्या वाटेत बदलायला लागायची, आणि दुसऱ्या बसला लोंबकळायलाही जागा नसायची. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. परतताना तेवढाच. टिंगूची आई रोज बसथांब्यावर तिला घ्यायला जायची, आणि पोरगी बसमधून उतरायची ती डोळे अर्धे मिटूनच. दप्तर आईकडे द्यायची आणि चालता चालता काहीतरी बोलायची, ज्याला शेंडा-बुडखा नसायचा. जेवताना मान टेबलावर टेकायची. शाळेचा गृहपाठ सकाळी उठून, तोही अर्धाच.

पहिल्या चाचणीनंतर बॅचेस पाडल्या. पहिल्या बॅचला मोठे सर. टिंगू चौथ्या बॅचमध्ये गेली. तिथे नुकतीच पदवी घेतलेली पोरं शिकवायची. सहा आठवड्यांत गणिताचे दोन सर बदलले. तिसरे आले ते भराभर युक्त्या सांगायचे, हे याने गुणा, ते त्यातून वजा करा, झालं. का गुणायचं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, वेळ नाही, शंका असेल तर खाली जा.

खाली म्हणजे तळमजल्यावर. तिथे पोस्टात असतात तशा चार खिडक्या होत्या. नंबराची चिठ्ठी घ्यायची, रांगेत उभं राहायचं, आपली पाळी आली की खिडकीपलीकडच्या माणसाला शंका विचारायची. दर मुलामागे पाच मिनिटं. पोरं त्याला डाउट काउंटर म्हणत.

टिंगूच्या आईने फोन केला, की मोठे सर शिकवणार असं वाटलं होतं. पलीकडून मवाळ उत्तर आलं, मुलीने गुण वाढवले की तीही वरच्या बॅचला जाईल मॅडम, ते तिच्याच हातात आहे. तिने रागाने फोन ठेवला. क्लास सोडायचा विचारही केला. पण तोवर दुसरा हप्ता भरून झाला होता. बाबा म्हणाले, वर्ष तर काढू.

मग एक दिवस टिंगू बसमधून उतरली ती पूर्ण डोळे उघडे ठेवून.

“आई, खिडकीत कोण बसलंय सांग. आपल्या बाई.”

तिसऱ्या खिडकीत. बाईंनी शिकवणी बंद केली होती आणि तासावर पैसे मिळणारं हे काम धरलं होतं. टिंगूने त्यांना बघितलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती नंबर नसतानाच पुढे धावली आणि पोरांनी तिला मागे ओढलं. मग ती रोज रांगेत उभी राहू लागली. इतर खिडक्या मोकळ्या असल्या तरी तिसऱ्याच खिडकीच्या.

टिंगूच्या आईला हायसं वाटलं. ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा, “बघा, बाईपण शेवटी तिथेच गेल्या. म्हणजे आपलं काही फार चुकलं नव्हतं.” आपण काय बोललो ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

काकांकडे कोण बघतं, हे तिने विचारलं नव्हतं असं नाही. बाईच रस्त्यात भेटल्या तेव्हा विचारलं होतं. दुपारपर्यंत एक बाई येते, संध्याकाळी शेजारची मुलगी एकदा डोकावून जाते, तिच्याकडे किल्ली असते, पाणी उशाशी ठेवून जाते मी, असं बाई म्हणाल्या. पूर्वीपेक्षा थकलेल्या दिसत होत्या. काकांना कळतं का, असं विचारल्यावर म्हणाल्या की सगळं कळतं, मी निघाले की तोंड भिंतीकडे करतात.

सहामाही महिन्यावर आली होती. खिडक्यांपुढे रांगा दारापर्यंत गेल्या होत्या. टिंगूचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. तिची शंका दोन चलांच्या समीकरणांची होती. उत्तर तिला काढता येत होतं, सरांनी युक्ती सांगितली होती, पण ते उत्तर म्हणजे नेमकं काय, ते तिला कळत नव्हतं. बाईंनी कागद ओढला आणि एका समीकरणाची एक रेघ काढली, दुसऱ्याची दुसरी. या रेघेवरचा प्रत्येक बिंदू पहिल्याचं उत्तर आहे, त्या रेघेवरचा प्रत्येक दुसऱ्याचं. मग दोघींचं मिळून उत्तर कुठे? टिंगू बघत राहिली. पाच मिनिटं झाली, रखवालदार दिवे घालवायला आला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. टिंगूने अखेर रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे बोट ठेवलं. आणि रेघा समांतर असल्या तर? बाईंनी विचारलं. टिंगूने विचार केला आणि म्हणाली, मग उत्तरच नाही. बाई हसल्या. तोवर त्यांची नेहमीची बस निघून गेली होती.

पुढची बस बराच वेळ आली नाही. दोघी शेजारी बसून आल्या. बसमध्ये टिंगू बाईंच्या खांद्यावर झोपली. थांब्यावर आई उभी होतीच. तिघी मिळून चालत निघाल्या. बाईंच्या दाराशी आल्यावर त्यांनी कुलूप उघडलं आणि नेहमीसारखी हाक मारली, आले हं. दिवा लावला. मग त्या आत गेल्या आणि काही क्षण काहीच आवाज आला नाही, म्हणून टिंगूची आई मागोमाग गेली.

काका जमिनीवर होते. पलंगाच्या आणि भिंतीच्या मध्ये, एका कुशीवर, गाल फरशीला लागलेला. पाण्याचा तांब्या लवंडला होता आणि त्यांचा सदरा ओला होऊन अंगावरच वाळायला आला होता. डोळे उघडे होते. ते बाईंकडे बघत होते. हातात चमचा होता आणि पलंगाच्या पायावरचा रंग एका जागी खरवडून गेला होता.

टिंगू दारात उभी होती. तिच्या आईने तिला बाहेर जायला सांगितलं, ते तिला ऐकूच आलं नाही.

टिंगूच्या बाबांना फोन केला, ते धावत आले. चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही बोलावलं. काकांना खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या घशातून जो आवाज निघाला त्यावरून बाबांना कळलं की खुब्याचं हाड मोडलंय. मग दार काढून त्यावर निजवून त्यांना गाडीपर्यंत नेलं. शेजारची मुलगी जिन्यात रडत उभी होती. संध्याकाळी ती डोकावून गेली तेव्हा काका झोपले होते. नंतर ठकठक ऐकू येत होती, तिच्या आजीने ऐकली होती, बराच वेळ चालली होती. वरच्या मजल्यावर फरशीचं काम सुरू होतं. त्यांना वाटलं, तेच.

टिंगूच्या आईच्याच इस्पितळात त्यांना ठेवलं. डॉक्टर म्हणाले, या तब्येतीत शस्त्रक्रिया झेपायची नाही. मग छातीत कफ साठला. आठवडाभर टिंगूची आई दुपारच्या सुट्टीत वर जाऊन बसायची. काकांच्या पलंगावरची चादर, नाकातली नळी, परिचारिकेच्या हातातले मोजे, सगळं तिनेच कधीतरी पारखून, भाव पाडून घेतलं होतं. सगळं चांगल्या प्रतीचं होतं. काका गेले ते एका सकाळी, बाई तोंड धुवायला गेल्या होत्या तेवढ्यात.

दोन-तीन दिवसांनी टिंगूची आई बाईंकडे गेली. बाहेरच्या खोलीतली दोन टेबलं आता वेगवेगळी होती. ती बोलायचं ठरवून गेली होती, ते बोलली. मुलं परत आणते म्हणाली. टिंगू तर उद्यापासून येईल, बाकीच्यांशीही मी बोलते, मी सांगितलं तर ऐकतील.

“ऐकतील,” बाई म्हणाल्या. “त्या वेळीही ऐकलंच होतं.”

त्यांच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. टिंगूच्या आईने मान खाली घातली. मग बाईंनी तिला चहा करून दिला आणि अगदी सरळ सांगितलं की क्लासवाल्यांनी सकाळची पाळीही देऊ केली आहे, ती त्यांनी घेतली आहे. ही जागा सोडणार, तिकडेच गल्लीत एक खोली बघितली आहे, एकटीला पुरे. येण्याजाण्यातच दिवस संपतो, या वयात तो प्रवास होत नाही.

तरीही टिंगूची आई दोन्ही इमारतींतल्या घरांत फिरली. साडूंचा क्लास तसा, मोठा क्लास असा, चौथ्या बॅचला कोण शिकवतं, संध्याकाळी बसला किती वेळ लागतो, सगळं सांगितलं. या वेळी ते तिने रविवारी दुपारी मोजलेलं नव्हतं. बायकांनी ऐकून घेतलं. एकीने मुलाचे गुण दाखवले, दोन वाढले होते. दुसरी म्हणाली, फी भरून झाली आता. चौथ्या मजल्यावरच्या शेजारणीने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, “तुम्हीच तर म्हणाला होतात, मी स्वतः बसून बघितलं.” मग बहुधा तिलाच ते लागलं असावं, कारण तिने दार पूर्ण उघडलं आणि आत बसायला बोलावलं. टिंगूची आई आत गेली नाही.

मग एका सकाळी केस विंचरून घेताना, आईकडे पाठ असताना, टिंगूने विचारलं, “मी रांगेतून निघून आले असते तर बाई आधीच्या बसने आल्या असत्या ना?”

आईने फणी खाली ठेवली. मग तिला समोर बसवून सांगितलं की काका संध्याकाळीच पडले होते, कित्येक तास आधी, डॉक्टरांनीच सांगितलं, एका बसने काही फरक पडला नसता. ते खरं होतं. टिंगूने ते नीट ऐकलं, तिच्या सवयीप्रमाणे सावकाश, आणि ते तिला पटलं नाही हेही आईला दिसलं. खरं तर आईला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. त्या खिडकीत बाईंना कुणी बसवलं, ते. ते तिला लेकीसमोर बोलवलं नाही. तिने वेणी घातली, रिबीन बांधली.

“सोडूया का तो क्लास?” तिने विचारलं. “पैसे गेले तर गेले.”

“सोडून कुठे जाऊ?” टिंगू म्हणाली.

बाईंच्या दारावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली होती. साडूंकडे आता सत्तर पोरं बसत होती. आईला स्वतःला नववीचं गणित येत नव्हतं, बाबांना येत होतं थोडंफार, पण त्यांची वेळ त्यांच्या हातात नव्हती.

तेव्हा टिंगू जातच राहिली. तोच सव्वा तास, तीच बस, तीच चौथी बॅच. ती आता खिडकीकडे फिरकायची नाही. शंका आली की वहीत तिथे एक गोल करायची आणि पुढे जायची. गोल वाढत गेले. सहामाहीत गणितात ती नापास झाली, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच आठवड्यात क्लासच्या चाचणीचाही निकाल फोनवर आला आणि त्याखालीच सुट्टीतल्या जादा तासांची जाहिरात, वेगळी फी भरून.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ती बसमधून उतरली आणि तिने दप्तर आईकडे दिलं नाही. स्वतःच खांद्यावर घेऊन चालत राहिली. अर्धा रस्ता झाल्यावर तिने सांगितलं की आज क्लास सुटल्यावर ती जिन्यावरून खाली येत होती तेव्हा बाई खिडकीमागून उठून बाहेर आल्या. रांगेतली पोरं बघत राहिली. बाईंनी तिला कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, येत का नाहीस? तुला सगळं यायला लागलं का?

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तुम्हाला उशीर होतो.”

एक मोटारसायकल जवळून गेली तशी आईने तिला आतल्या बाजूला घेतलं.

“आणि त्या?”

“म्हणाल्या, होऊ दे आता. आता घरी कुणी वाट बघत नाही.”

त्या पुढे चालत राहिल्या. फुटपाथ उखडलेला होता, तिथे टिंगूने आपण होऊन आईचा हात धरला आणि पुढे गेल्यावरही सोडला नाही. उद्या मी रांगेत उभी राहू का, असं तिने विचारलं. आईने हो म्हटलं. मग उशीर होईल, टिंगू म्हणाली, शेवटची बस मिळेल. होऊ दे, मी थांबेन, आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती घरून जरा उशिरा निघू लागली आणि थांब्यावरच्या मोडक्या बाकावर, बस येईल तेव्हा येईल असं म्हणत, बसून राहू लागली.